३९ छातीच्या दोघी

३९ इंच छाती असलेल्या दोन बायका शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तर एकीचा ब्लाउज दुसरीला होईलच असं नाही. पहिलीची पाठ रुंद, खांदे भरलेले, स्तन बेताचे. दुसरी खांद्यांनी बारकी, पाठ अरुंद, गळ्याची हाडं दिसणारी, पण छाती पुढे भरलेली. टेपला यातलं काही कळत नाही. तो पाठीवरून बगलेखालून फिरून पुढे येतो आणि सगळ्याची बेरीज एका आकड्यात सांगून मोकळा होतो. बाजारातला छापील कागदी पॅटर्न घेऊन अंगाबरोबरचा ब्लाउज शिवायला बसलं, की पहिलीचं निभावतं आणि दुसरीची पंचाईत होते. तिच्यासाठी पॅटर्नमध्ये जी दुरुस्ती करतात तिला फुल बस्ट अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. शिवणाऱ्या बायका तिला नुसतं ‘एफबीए’ म्हणतात. तिच्यामागचा विचार एकदा कळला, की ती हाताला अवघड नाही.

इथे ब्लाउज म्हणजे साडीवरचा नव्हे. कॉलरचा किंवा साध्या गळ्याचा, पुढे बटणं असलेला, कमरेखाली चार-सहा बोटं उतरणारा, पँट किंवा स्कर्टवर घालायचा ब्लाउज. असे पॅटर्न घरोघरी नेण्याचं श्रेय अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याला देतात. १८६३ मध्ये त्याने वेगवेगळ्या मापांत काढलेले कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. आजही बटरिक, मॅकॉल्स, सिम्प्लिसिटी आणि व्होग ही नावं शिवणाऱ्या अमेरिकन बायकांच्या तोंडी असतात. पाकिटात पातळ टिश्यू कागदावर एकात एक छापलेली अनेक मापं, आणि पाकिटाच्या पाठीवर छाती-कंबर-नितंबांचा तक्ता. आपल्याकडे आता पुष्कळजणी असे पॅटर्न पीडीएफ स्वरूपात विकत घेतात आणि झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर कागदांवर छापून आणून चिकटवतात. छापताना पानात बसवण्यासाठी आकार लहान करू नका, असं त्याला बजावावं लागतं. पहिल्या पानावर चाचणीचा चौकोन असतो, त्याला पट्टी लावून बघायची. तो चौकोन चुकला असेल तर पुढचं सगळं गणित चुकलं.

आपल्या शिंप्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं. छाती, अप्पर चेस्ट, खांद्यापासून टक्स पॉइंट, दोन टक्स पॉइंटमधलं अंतर अशी मापं घेऊन तो कापडावरच खडूने आखतो, आणि भरलेली छाती असेल तर टक्स मोठे घेतो किंवा कटोरी सुचवतो. पॅटर्न कंपनीसमोर मात्र कोणीच उभं नसतं. तिला एक कल्पित बाई धरावी लागते. बहुतेक मोठ्या अमेरिकन कंपन्यांची ही कल्पित बाई ‘बी कप’ची असते. म्हणजे स्तनांच्या वर, काखेतून घेतलेलं माप आणि स्तनांच्या सर्वांत उंच भागावरून घेतलेलं माप, यांत सुमारे दोन इंचांचा फरक. माप १० असो की २०, हा फरक साधारण तेवढाच ठेवतात. पॅटर्नचा नंबर वाढतो तसे खांदे, मुंढा, गळा, पाठ सगळंच थोडंथोडं वाढत जातं. स्तन तेवढे वाढले आणि बाकी अंग तसंच राहिलं, अशी बाई तक्त्यात कुठेच नसते.

या कपचा ब्रेसियरवरच्या अक्षराशी संबंध जोडायला जाऊ नये. ब्रेसियरचा कप स्तनांखालच्या मापावरून काढतात, हा वरच्या मापावरून. दुकानात ‘डी’ घेणारी बाई पॅटर्नच्या हिशोबात दुसऱ्याच अक्षरावर जाऊ शकते. अक्षर सोडून द्यावं आणि इंच धरावेत.

आता आपल्या दुसऱ्या बाईची मापं घेऊ. ब्लाउजच्या आत जी ब्रा घालायची, तीच घालून मापं घ्यायची. ब्रा बदलली की छातीचा आकडाही बदलतो आणि टक्स पॉइंटही वर-खाली होतो. आधी वरची छाती: टेप पाठीवर सपाट, काखेत वर चढवून, स्तनांच्या वरून घट्टसर. ती आली ३४. मग भरली छाती, टेप जमिनीला समांतर, ढिला नाही आणि आवळलेलाही नाही. ती ३९. कंबर ३१. वरच्या आणि भरल्या छातीत फरक पाच इंचांचा. पॅटर्नची बाई दोन इंचांची, म्हणजे आपली बाई तिच्याहून तीन इंच पुढे आहे.

पाकिटावरचा तक्ता बघितला, तर अमेरिकन कंपन्यांच्या नेहमीच्या मापांत १८ नंबरला छाती ४० आणि कंबर ३२ असते. बाईंचा जीव भांड्यात पडतो. छाती ३९, कंबर ३१, म्हणजे १८ नंबर अगदी आपला! फसगत होते ती नेमकी इथे. १८ नंबर ज्या बाईसाठी काढलाय तिची वरची छाती ३८ आहे, आणि आपल्या बाईची ३४. चार इंचांचं हे अंतर खांद्यात, मुंढ्यात, गळ्यात आणि पाठीत दिसणार. शिवून घातल्यावर बटणं लागतात खरी, पण खांद्याची शिलाई दंडावर उतरते, गळा पुढे पोकळ राहतो, मुंढ्याच्या पुढच्या बाजूला कापडाची घडी उभी राहते आणि पाठीवर पिशवी होते. मग ती खांदे आत घेते, गळा आवळते, पाठीला टक्स घालते. छाती मावावी म्हणून घेतलेला मोठा नंबर बाकी सगळीकडून उसवून पुन्हा लहान करण्यात एक आठवडा जातो. तोवर बाही मुंढ्यात बसेनाशी झालेली असते.

म्हणून उलटं करायचं. अंगाचा सांगाडा जिथे मापला जातो, म्हणजे वरच्या छातीवर, त्या मापाने पॅटर्न निवडायचा आणि कमी पडेल तेवढं फक्त पुढच्या भागात, फक्त स्तनांच्या जागी घालायचं. वरची छाती ३४ असलेल्या बी कपच्या बाईची छाती ३६ असते. ती १४ नंबरमध्ये सापडते: छाती ३६, कंबर २८. हा आपला पॅटर्न. यावर एक मतभेद आहे, तोही सांगते. पुष्कळ अनुभवी शिक्षिका वरच्या छातीचाच आकडा तक्त्यातल्या छातीच्या रकान्यात बघायला सांगतात. त्यांच्या हिशोबाने ही बाई १२ नंबर घेईल, छाती ३४, आणि दुरुस्ती तीन इंचांऐवजी पाच इंचांची होईल. खांदे फारच अरुंद असतील तर तो मार्ग बरा. एरवी तक्त्यातून दोन इंच मिळवून निवडलेला नंबर पाठीत आणि दंडात सुखाचा बसतो आणि कागदावरची कापाकापीही आटोक्यात राहते, असं माझं मत. खांद्याची रुंदी दोन्ही पॅटर्नवर पट्टीने मोजून बघितली तर वाद तिथेच मिटतो.

हिशोब करताना एक चूक फार होते. पॅटर्नवर तयार कपड्याचं मापही छापलेलं असतं, बहुधा पुढच्या भागावर टक्स पॉइंटच्या गोल खुणेपाशी. १४ नंबरच्या ब्लाउजवर तिथे समजा ३९ लिहिलेलं असतं. ‘मग माझी छाती ३९ आहेच की, झालं काम’ असं वाटतं. पण त्या ३९ मध्ये अंग ३६ चं आहे आणि तीन इंच मोकळीक आहे, हात हलवायला, श्वास घ्यायला, वाकून काही उचलायला. साडीचा ब्लाउज जवळजवळ अंगाला चिकटून शिवायची आपल्याला सवय असल्याने ही मोकळीक उधळपट्टी वाटते. न ताणणाऱ्या कापडाच्या, कोपरापर्यंत किंवा पूर्ण बाहीच्या ब्लाउजला मात्र ती लागते. म्हणून वजाबाकी नेहमी अंगाची अंगातून: बाईची छाती ३९, तक्त्यातली ३६, फरक तीन. मोकळीक जिथे आहे तिथे राहते. पॅटर्नचा पुढचा तुकडा अर्ध्या अंगाचा असतो, म्हणून त्याच्यात निम्मे, म्हणजे दीड इंच घालायचे.

हे दीड इंच घालायचे कुठे? बगलेच्या शिलाईला वाढवले तर मुंढा खाली जातो आणि वाढलेलं कापड काखेत गोळा होतं, स्तनापर्यंत पोचतच नाही. पुढच्या मधल्या रेषेला वाढवले तर गळा रुंद होतो. शिवाय नुसती रुंदी वाढवून भागत नाही, हे लोकांच्या ध्यानात उशिरा येतं. खांद्यापासून कमरेपर्यंत टेप सपाट छातीवरून नेला आणि भरल्या छातीवरून नेला, तर दुसऱ्या वेळी तो जास्त लागतो, कारण वाट चढउताराची आहे. ब्लाउज छातीत ताणला जातो तेव्हा पुढचा घेर वर उचलला जातो आणि पाठीचा खाली राहतो, त्याचं कारण हेच. कापड आडवं कमी पडलेलं असतं तसंच उभंही कमी पडलेलं असतं. एफबीएच्या कापात दोन्ही एकाच हालचालीत मिळतात, आणि मला तरी या दुरुस्तीची खरी गंमत तिथेच वाटते.

मूळ पॅटर्न कापू नये. पुढचा तुकडा बटर पेपरवर किंवा खाकी कागदावर उतरवून घ्यावा, सगळ्या खुणांसह: धाग्याची रेषा, कमरेची खूण, टक्स, मुंढ्यावरची खाच. कडेपासून आत शिलाईची रेषा काढून घ्यावी. अमेरिकन कंपन्यांची माया बहुधा पाच अष्टमांश इंचाची, म्हणजे दीड सेंटिमीटरची असते. ही रेषा आवश्यक आहे, कारण पुढे कागद जिथे फिरवायचा ती जागा शिलाईवर असायला हवी, कागदाच्या कडेवर नव्हे. मग टक्स पॉइंट. पॅटर्नवर छापलेला आपला असेलच असं नाही. खांद्याच्या शिलाईपासून आणि मधल्या रेषेपासून स्वतःची दोन्ही अंतरं मोजून नवी खूण करावी. छापील खुणेपेक्षा आपली इंचभर खाली असेल तर आधी बगलेचा टक तेवढा खाली सरकवून घ्यावा आणि मगच कापाला हात घालावा. आपल्या ब्लाउजला बगलेतून येणारा एक आडवा टक आहे आणि कमरेवर माशाच्या आकाराचा, दोन्हीकडे निमुळता होणारा एक उभा टक आहे, असं धरू.

आता तीन रेषा. पहिली खालच्या कडेपासून उभ्या टकाच्या मधोमध वर जाते, धाग्याच्या रेषेला समांतर, थेट टक्स पॉइंटपर्यंत. तिथे ती वळते आणि मुंढ्याकडे निघते, मुंढ्याच्या खालच्या एक तृतीयांशात, खाचेच्या आसपास. दुसरी बगलेतून आडव्या टकाच्या मधून येऊन त्याच टक्स पॉइंटला मिळते. तिसरी नंतर.

कात्री खालच्या कडेतून घालायची आणि पहिल्या रेषेवरून वर येत टक्स पॉइंटला वळून मुंढ्याकडे जायचं. शिलाईच्या रेषेपाशी पोचलं की थांबायचं, कागद तोडायचा नाही. आता कागद फिरवून बाहेरच्या बाजूने मायेत एक छोटा काप त्याच जागेकडे द्यायचा. दोन्ही कापांच्या मध्ये जेमतेम दोराभर कागद राहिला पाहिजे. हीच बिजागरी. ती जाड राहिली तर कागद फिरताना चुरगळतो आणि मुंढ्याची लांबी बदलते. तुटलीच तर घाबरायचं कारण नाही, दोन टोकं शिलाईरेषेवर एकमेकांना टेकवून सेलोटेप लावला की झालं. दुसऱ्या रेषेवर बगलेकडून काप द्यायचा आणि टक्स पॉइंटच्या जरा अलीकडे थांबायचं, तिथेही तशीच एक बिजागरी.

खाली मोठा कोरा कागद अंथरून मधल्या रेषेकडचा तुकडा टेपने पक्का करायचा आणि बगलेकडचा तुकडा हलके बाहेर ओढायचा. उभा काप उघडतो. टक्स पॉइंटपासून खाली त्याच्या दोन्ही कडा समांतर ठेवायच्या, दोहोंमध्ये दीड इंच अंतर, वर आणि खाली पट्टीने तपासायचं. हे करत असताना बगलेचा टक आपोआप तोंड उघडतो. आपण त्याला हातही लावलेला नसतो. बगलेकडचा वरचा भाग मुंढ्याच्या बिजागरीवर फिरलेला असतो, त्यामुळे टक्स पॉइंटची बाजू बाहेरही गेलेली असते आणि खालीही. बाहेर गेली ती रुंदी, खाली गेली ती लांबी. या पॅटर्नमध्ये ती पाऊण इंचाच्या आसपास भरते.

त्या लांबीमुळे बगलेकडच्या तुकड्याची खालची कड आता मधल्या तुकड्याहून पाऊण इंच खाली लोंबते. कमरेच्या खुणाही तेवढ्याच सरकलेल्या असतात. इथे तिसरी रेषा लागते. छाती आणि कंबर यांच्या मध्ये, मधल्या तुकड्यावर, मधल्या रेषेला काटकोनात एक आडवा काप. खालचा भाग पाऊण इंच खाली सरकवायचा, कमरेच्या खुणा एका रेषेत आणायच्या, रिकाम्या जागेखाली कागद आहेच, त्याला चिकटवायचं. काही जणी लांबलेली कड सरळ कापून टाकतात. मग बगलेत लांबी कमी होते, पुढची मधली बाजू आखूडच राहते आणि इतका खटाटोप करून घेर पुढे वर उचललेला तो उचललेलाच राहतो.

सगळं चिकटवल्यावर नव्या कागदाला जुना पॅटर्न लावून बघावा. खांद्याची शिलाई तेवढीच, गळा तेवढाच, मुंढ्याची लांबी तेवढीच. म्हणजे बाहीला आणि कॉलरला हात लावायची गरज नाही, आणि पाठीचा तुकडा जसाच्या तसा राहतो. नव्या टकाची घडी घातली की बगलेच्या शिलाईची लांबीही पाठीशी जुळते. यातली एकही गोष्ट जुळली नाही, तर बिजागरी शिलाईरेषेवर नव्हती, असं समजावं.

कमरेचं काय? उभा काप पार खालच्या कडेपर्यंत दीड इंच उघडला आहे, म्हणजे कमरही पूर्ण अंगात तीन इंच वाढली. पॅटर्नची २८ होती, आता ३१ झाली, आणि आपल्या बाईची कंबर ३१ आहे. तिने उभा टक पूर्वीएवढाच शिवला, की काम झालं. तिची कंबर २८ च असती, तर वाढलेले दीड इंच त्या टकातच घालावे लागले असते, पण एकाच टकात एवढं कापड घालणं जड जातं. त्यातलं थोडं बगलेच्या शिलाईत आणि थोडं पाठीच्या टकात वाटून घ्यावं. ३१ कमरेच्या बाईनेही कच्च्या शिलाईवर एकदा आरशात बाजूने बघावं. वाढ सगळी पुढेच झाली आहे आणि तिची कंबर मागूनही भरलेली असेल, तर बगलेची शिलाई कमरेपाशी मागे ओढलेली दिसते. तसं दिसलं तर पुढून थोडं आत घ्यायचं आणि पाठीला तेवढं सोडायचं.

बगलेच्या टकाचं पाहायला हवं, कारण दुरुस्ती बिघडते ती बहुधा तिथे. दीड इंच उघडल्यावर हा टक बगलेपाशी साधारण पावणेदोन इंचांनी रुंद होतो. मूळचा इंचभर असेल तर आता पावणेतीन. एवढा जाड टक एका टोकाला निमुळता करताना ते टोक तंबूच्या कळसासारखं उभं राहतं. टकाचं टोक टक्स पॉइंटवर आणूच नये, ते इंच-दीड इंच अलीकडे, बगलेकडे थांबवावं. शेवटचे चार-पाच टाके घडीच्या अगदी कडेने, जवळजवळ घडीला चिकटून घालावेत, उलट टाका न मारता दोरे लांब सोडावेत आणि हाताने गाठ मारावी. तरीही पावणेतीन इंच मला जास्तच वाटतात. त्याचे दोन टक करावेत, एकमेकांपासून इंचभर अंतरावर, दोघांचं मिळून माप तेवढंच, दोघेही टक्स पॉइंटच्या दिशेने पण थोडे मागे-पुढे थांबणारे. फुलाफुलांच्या सुती कापडावर दोन टक्स कोणाच्या लक्षातही येत नाहीत, साध्या रंगाच्या कापडावर दिसतात पण बरे दिसतात. अर्ध्या पुढच्या भागात दोन इंचांहून जास्त उघडावं लागत असेल, तर असा टकांचा पॅटर्न घेण्यापेक्षा प्रिन्सेस कटचा घ्यावा. तिथे वाढ उभ्या शिलाईच्या वळणात जिरते. आपली कटोरी याच तत्त्वावर चालते, फरक एवढाच की तिच्यात ती शिलाई स्तनाच्या गोलाईलाच वळसा घालते. आता काही छोट्या कंपन्या पॅटर्नमध्येच वेगवेगळ्या कपांचे पुढचे तुकडे देतात. अमेरिकेतली कॅशमरेट ही त्यांपैकी एक. तसा पॅटर्न मिळाला तर ही सगळी कापाकापी वाचते.

टक कागदावर आखला की तो शिवल्यासारखा घडी घालून, घडी खालच्या दिशेला पाडून, बगलेची कड पट्टीने सरळ कापून घ्यावी. कागद उघडला की टकाच्या तोंडाशी कडेला छोटं नाक आलेलं दिसतं. ते कापून टाकलं तर शिवताना टकाची घडी बगलेच्या शिलाईत पोचत नाही आणि तिथे भोक राहतं.

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर एकदा शिवून बघणं भाग आहे, कागदाला अंग नसतं. बाह्या, कॉलर काही नको. पुढचा-मागचा भाग, टक्स, लांब टाक्यांची शिलाई आणि पुढे टाचण्या. मधल्या रेषेला टाचण्या लावताना ती छातीवर फाकत नाही ना, हे आधी बघायचं. मग सुरकुत्या. स्तनाच्या दिशेने बगलेतून किंवा मुंढ्यातून ताणलेल्या रेघा येत असतील, तर अजून कमी पडतंय, अर्धा इंच आणखी उघडा. स्तनाखाली कापड सैल लोंबत असेल, तर उभ्या टकात आणखी घ्यायला हवं. टकाच्या टोकापलीकडे फुगा दिसत असेल, तर टोक टक्स पॉइंटच्या फार जवळ गेलं आहे किंवा चुकीच्या उंचीवर आहे. बोटाने चाचपून बघितलं की कळतं. आणि मुंढ्याच्या पुढच्या बाजूला कापड उघडं पडत असेल, तर तिथे चिमटीत धरून टाचणी लावावी, तेवढी चिमट कागदावर बिजागरीजवळून मिटवावी आणि ती जागा बगलेच्या टकात जाऊ द्यावी. ही सुरकुती छाती भरलेल्या बायकांत नेहमीची आहे. तिच्यामुळे नंबर चुकला असं समजून पुन्हा मोठ्या मापाकडे पळू नये.

लवचिक होजिअरीच्या कापडाला यातलं बरंचसं लागत नाही, ते स्वतःच ताणून घेतं. रेयॉन किंवा क्रेपसारखं पडणारं कापड थोडी चूक पोटात घालतं. मात्र पॉपलिन, खादी, डेनिमसारखं ताठ कापड काहीच लपवत नाही.

शेवटी बटणं. पुढचा भाग पाऊण इंच लांबला आहे, त्यामुळे पॅटर्नवर छापलेल्या बटणांच्या जागा आता लागू नाहीत. पहिलं बटण टक्स पॉइंटच्या बरोबर उंचीवर, दोन स्तनांच्या मधल्या रेषेवर ठरवायचं, कारण पट्टी फाकली तर तिथेच फाकते. मग गळ्यापाशी एक, आणि या दोघांच्या अंतरावरून वरची आणि खालची बाकीची. काज कापण्याआधी टाचण्या लावून खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात पुढे ताणायचे आणि खाली बघायचं.